सहाव्या सॉकेटची अर्थ: एका फायनल सर्किटच्या लूप चाचणीचं प्रकरण

तक्रार लूप इम्पिडन्सची, म्हणजे फॉल्टचा करंट फेजने जाऊन अर्थने परत येतो त्या पूर्ण वाटेच्या अडथळ्याची, नव्हतीच. तशी ती कधीच नसते. लूप खराब आहे म्हणून कोणी फोन करत नाही. तक्रार अशी होती की वरच्या मजल्यावरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारी आरसीडी, आठवड्यातून दोन-तीनदा उडते आणि कारण सापडत नाही. त्यातच कोणाला तरी मागच्या तपासणीचा कागद सापडला. त्यावर एका सॉकेट सर्किटपुढे १.९ ओहम लिहिलं होतं आणि शेरा होता, "आरसीडीमुळे रीडिंग जास्त, ठीक." त्या एका शेऱ्यासाठी मी गेलो.

इमारत दुमजली. खाली छोटं वर्कशॉप, वर डिझाइनचं ऑफिस. पुरवठा टीएन-एस, म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ ट्रान्सफॉर्मरपासूनच वेगळे. फेज ते अर्थ २३० व्होल्ट. वरच्या मजल्याच्या डीबीत, म्हणजे वितरण पेटीत, एकच दोन पोलची आरसीसीबी, ४० अँपियर, ३० मिलिअँपियर. तिच्या मागे चार सर्किटं: एक लाइटचं, दोन सॉकेटची आणि एक बाहेर हवा टाकणाऱ्या पंख्याचं. पंख्याला त्याचा वेग बदलणारा सिंगल फेज ड्राइव्ह जोडलेला. वादाचं सर्किट म्हणजे लांबचं सॉकेट सर्किट. त्यावर ओळीने नऊ सॉकेट, फेज आणि न्यूट्रल २.५ चौरस मिलिमीटर, अर्थ १.५, शेवटच्या सॉकेटपर्यंत केबल ६० मीटर. करंट जास्त झाला की सर्किट तोडणारी एमसीबी सी कर्व्ह, २० अँपियर.

मीटर हातात घ्यायच्या आधी मी कागदावर आकडा काढतो, म्हणजे मीटरने काय दाखवायला हवं ते माहीत असतं. २० अंशांना २.५ चौरसच्या तांब्याचा रेझिस्टन्स मीटरमागे ७.४१ मिलिओहम, १.५ चौरसचा १२.१. दोन्ही मिळून १९.५१. साठ मीटरला १.१७ ओहम, हेच खालच्या सूत्रातलं R1 + R2. डीबीच्या इनकमरवर, आरसीसीबीच्या आधी, जास्त करंटची लूप चाचणी घेतली तर ०.३० आला.

```
Zs = Z(DB) + (R1 + R2)
   = 0.30 + 1.17
   = 1.47 ohm
```

म्हणजे शेवटच्या सॉकेटवर दीडच्या आतबाहेर यायला हवं. कागदावर १.९ होतं. मधले चार दशांश कुठून आले, एवढाच प्रश्न होता.

आधीच्या माणसाचं उत्तर अगदीच चूक म्हणता येत नाही. आरसीडीच्या मागे साधी लूप चाचणी घेता येत नाही. टेस्टर फेजमधून अर्थमध्ये बरेच अँपियर सोडतो आणि आरसीडी तत्क्षणी उडते. म्हणून टेस्टरवर 'नो-ट्रिप' असतं. त्यात करंट इतका कमी असतो की ३० मिलिअँपियरची आरसीडी शांत राहते. करंट कमी म्हणजे टेस्टरला मोजायला मिळणारा व्होल्टेजचा फरकही अगदी बारीक. त्यात शेजारी कोणी हीटर चालू-बंद केला की आकडा हलतो. शिवाय काही आरसीडींच्या आतली गुंडाळी त्या छोट्या करंटच्या चाचणीत आपला थोडा इम्पिडन्स मिळवते. त्यामुळे आरसीडीमागचं रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, हे खरं. पण किती जास्त, ते त्याच डीबीत दोन मिनिटांत मोजता येतं. ते न मोजता शेरा लिहिणं म्हणजे डोकेदुखीला सरसकट 'हवामान' म्हणण्यासारखं.

मी नो-ट्रिप मोडमध्येच आरसीसीबीच्या वरच्या टर्मिनलवर मोजलं: ०.३१. मग खालच्या टर्मिनलवर: ०.३७. म्हणजे या आरसीसीबीची भर ०.०६. शेवटच्या सॉकेटवर तीन रीडिंग घेतली, १.९१, १.८८, १.९६. साधारण १.९१ धरा. त्यातून ०.०६ वजा केलं तर १.८५. हिशेब १.४७ सांगत होता. ०.३८ ओहम शिल्लक, आणि आता त्याचं खापर आरसीडीवर फोडता येत नव्हतं.

इथून पुढे पुरवठा बंद करून काम. मेन स्विचला कुलूप, बंद असल्याची खात्री, मग डीबीत त्या सर्किटची फेज आणि अर्थ एकमेकांना जोडून दिली. आता प्रत्येक सॉकेटवर फेज आणि अर्थमध्ये लो-ओहम मीटर लावायचा. सॉकेट जसजसं लांब जाईल तसा आकडा वाढत जातो, आणि वाढ केबलच्या लांबीच्या प्रमाणात असायला हवी. ठेकेदाराचा वायरमन बरोबर होता. तो मीटर लावत होता, मी लिहीत होतो. पाचव्याला, ३४ मीटरवर, ०.६६. सहाव्याला, ४० मीटरवर, ०.७८. सगळं हिशेबाला धरून. सातव्याला, ४६ मीटरवर, त्याने आकडा वाचला आणि थांबला.

"साहेब, एक पॉइंट अठ्ठावीस."

हिशेबाने ०.९० यायला हवा होता. सहा मीटर केबलला अर्धा ओहम लागत नाही. नवव्याला १.५५ आला, म्हणजे तीच ०.३८ ची भर पुढे तशीच गेलेली. दोष सहाव्या आणि सातव्याच्या मधे.

पण कोणत्या तारेत? फेजची तार सैल असती तर गोष्ट वेगळी झाली असती, कारण फेजचा खराब जोड लोडखाली तापतो, वास येतो, प्लास्टिक पिवळं पडतं. डीबीतला जोड बदलून फेज आणि न्यूट्रल एकत्र केले आणि नवव्या सॉकेटवर मोजलं. हिशेब ६० मीटरला ०.८९ सांगत होता, मीटरनेही ०.८९ दाखवलं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही निर्दोष. उरली अर्थ.

सहावं सॉकेट खोललं. अर्थच्या टर्मिनलमध्ये दोन तारा, एक येणारी, एक पुढे जाणारी. येणारी नीट. पुढे जाणाऱ्या तारेचं इन्शुलेशन पुरेसं सोललेलं नव्हतं. स्क्रू हिरव्या-पिवळ्या पीव्हीसीवर आवळला गेला होता आणि टोकाकडचे दोन-तीन धागे कसेबसे पितळेला टेकलेले. ओढून पाहिलं तर तार घट्ट वाटत होती. ती होतीच घट्ट, फक्त प्लास्टिकवर.

वायरमन म्हणाला, "पण तार कुठे काळी पडलेली नाही."

नाहीच पडणार. अर्थच्या तारेतून रोजच्या कामात काही मिलिअँपियर गळतीशिवाय काही जात नाही. त्यामुळे अर्थचा खराब जोड तापत नाही, रंग बदलत नाही, वास देत नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं तर ती टक्कन उडते, कारण बटण आपला करंट यंत्राच्या आतल्या रेझिस्टरमधून फिरवतं. सॉकेटच्या अर्थशी त्याचा काहीच संबंध नसतो. हा जोड बोलणार तो फक्त फॉल्टच्या वेळी. फॉल्ट आला असता तर लूप १.८५ ओहम म्हणजे करंट सुमारे १२४ अँपियर, आणि त्या दोन-तीन धाग्यांवर ०.३८ ओहम. गुणाकार केला तर जवळजवळ ५.८ किलोवॉट एका सॉकेटच्या स्क्रूखाली. एमसीबी उडायच्या आधी तो जोडच जळून तुटण्याची शक्यता मला जास्त वाटते. तसं झालं की पुढच्या तीन सॉकेटांवरच्या उपकरणांच्या धातूच्या खोळीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि फॉल्टचा करंट थांबतो, म्हणजे एमसीबीला उडायला कारणच उरत नाही.

तार नव्याने सोलून बसवली. पुन्हा मोजलं: शेवटच्या सॉकेटला १.१७. पुरवठा दिल्यावर नो-ट्रिपवर १.५२, त्यातले ०.०६ आरसीसीबीचे. हिशेब आणि मीटर एका ओळीत आले.

ठेकेदाराला वाटलं काम झालं. खरं तर मूळ प्रश्न आता सुरू होत होता. कारण १.४७ हा आकडा खरा असला, तरी तो चालणारा आहे का?

टीएनमध्ये अट साधी आहे.

```
Zs × Ia ≤ U0
```

U0 म्हणजे फेज ते अर्थ व्होल्टेज. Ia म्हणजे संरक्षण देणारं साधन ठरलेल्या वेळात सर्किट तोडेल याची खात्री देणारा करंट. आयईसी ६०३६४-४-४१ प्रमाणे २३० व्होल्टच्या टीएनमध्ये ६३ अँपियरपर्यंतच्या सॉकेट सर्किटांना आणि ३२ अँपियरपर्यंतच्या कायम जोडलेल्या उपकरणांच्या सर्किटांना ही वेळ ०.४ सेकंद. वेळ इतकी कमी का, ते याच सर्किटवर दिसतं. दूरच्या टोकाला फॉल्ट झाला तर करंट १५६ अँपियर, आणि नुसत्या ६० मीटर अर्थच्या तारेवर ०.७३ ओहम. म्हणजे उपकरण धरलेल्या माणसाच्या हातात, सर्किट तुटेपर्यंत, शंभरहून जास्त व्होल्ट. अर्थ आहे म्हणून हात सुरक्षित, असं नसतं. अर्थ आहे म्हणून सर्किट लवकर तुटतं, आणि लवकर तुटतं म्हणून हात सुरक्षित.

सी कर्व्हची एमसीबी रेटिंगच्या ५ ते १० पटींमध्ये झटक्यात उडते. खात्री हवी तर दहापट धरायची. २० अँपियरला २०० अँपियर, म्हणून लूप जास्तीत जास्त २३० भागिले २००, म्हणजे १.१५ ओहम. पण हा आकडा गरम तारेचा. चाचणी करतो तेव्हा तार थंड असते. लोडखाली ७० अंशांना तिचा रेझिस्टन्स साधारण वीस टक्क्यांनी वाढतो, व्होल्टेजही नेहमी पूर्ण मिळतं असं नाही. म्हणून आयईसीच्या तपासणीच्या भागात एक सोपी पद्धत दिली आहे: मोजलेला आकडा मर्यादेच्या दोन तृतीयांशांत असावा. १.१५ चे दोन तृतीयांश ०.७७. आपला आकडा १.४७. म्हणजे दोष दुरुस्त झाल्यावरसुद्धा सर्किट जवळजवळ दुप्पट बाहेर.

मी डीबीतली एमसीबी पुन्हा नीट पाहिली. बाकीच्या तिन्ही बी कर्व्हच्या, एकटी ही सी, आणि रंगाने जरा नवी. विचारल्यावर गोष्ट बाहेर आली. सकाळी सगळे एकदम येतात, एका मुख्य स्विचने सगळे संगणक आणि मॉनिटर चालू होतात, आणि पॉवर सप्लायच्या कपॅसिटरांच्या पहिल्या झटक्याने बी कर्व्हची एमसीबी उडायची. कोणीतरी शहाणपणाने सी बसवली. सकाळचं उडणं थांबलं. लूप परत कोणी तपासला नाही.

बी कर्व्ह ३ ते ५ पटींमध्ये उडते. २० अँपियरला १०० अँपियर पुरतात. मर्यादा २.३०, तिचे दोन तृतीयांश १.५३. आपले १.४७. मूळ डिझाइन करणाऱ्याने हिशेब केला होता, अगदी काठावर पण केला होता. त्याचा तो काठ एका एमसीबीच्या बदलाने गेला.

ठेकेदाराचा मुद्दा इथे आला, आणि तो वाजवी होता. "साहेब, आरसीडी आहे ना. टीएनमध्ये आरसीडीने फॉल्ट तोडला तरी चालतं. मग दीड काय न पंधरा काय."

चालतं. नियमात आहे. फॉल्टचा करंट आरसीडीच्या रेटिंगच्या पाचपटीहून कितीतरी मोठा असतो, आणि पाचपटीला साधी आरसीडी ४० मिलिसेकंदांत तोडते. ०.४ सेकंदांची अट तिला सहज जमते. लूप शंभर ओहम असला तरी जमते. नेमकं म्हणूनच आरसीडी असलेल्या सर्किटचं लूप रीडिंग लोक वाचत नाहीत, आणि सहाव्या सॉकेटसारखे जोड वर्षानुवर्षं तसेच राहतात. पण माझा आक्षेप त्याहून वेगळ्या ठिकाणी होता.

आरसीडीला फेज-न्यूट्रल शॉर्ट दिसतच नाही. तिच्या दृष्टीने गेलेला करंट परत आला, सगळं आलबेल. तो शॉर्ट तोडायला एमसीबी एकटीच असते. शेवटच्या सॉकेटला गरम तारेचा फेज-न्यूट्रल लूप काढला. डीबीवर फेज-न्यूट्रल ०.२८ मोजला होता, त्यात ०.८९ ची वीस टक्के वाढलेली किंमत १.०७ मिळवली. १.३५ ओहम, करंट साधारण १७० अँपियर. सी कर्व्हच्या २०० च्या खाली. म्हणजे झटक्यात उडेलच याची हमी नाही, कदाचित एमसीबीतल्या तापून वाकणाऱ्या पट्टीला, बायमेटलला, तोडायला वेळ लागेल. २.५ चौरसची पीव्हीसी केबल १७० अँपियर किती वेळ सोसते? केबलच्या उष्णतेचं सूत्र लावलं (पीव्हीसीतल्या तांब्यासाठी k = ११५) तर सुमारे २.९ सेकंद. बायमेटल त्याआधी तोडेल की नाही, हे उत्पादकाच्या वक्रावर बोट ठेवून ठरवावं लागतं आणि बोट नेमकं दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात पडतं. बी कर्व्ह लावली की हा प्रश्नच राहत नाही. १०० च्या वर १७०, झटक्यात.

दुसरं असं की ही आरसीसीबी नेमकी कशी आहे, ते अजून पाहायचंच होतं. तिच्या अंगावर करंटच्या आकृतीची खूण असते. या आरसीसीबीवर नुसती लहर होती, म्हणजे एसी टाइप. एसी टाइपला फक्त साधा पर्यायी करंट ओळखता येतो. मागे मात्र पंख्याचा ड्राइव्ह आणि पंधरा-सोळा संगणक. टेस्टर नेहमीच्या मोडमध्ये ठेवून चाचणी घेतली तर ती २३ मिलिअँपियरला उडाली, वेळही व्यवस्थित. टेस्टर ए टाइपवर, म्हणजे अर्ध्या लहरीच्या करंटवर ठेवला, तर उडाली नाही. ती नादुरुस्त नव्हती. अर्ध्या लहरीचं वचन तिने कधी दिलंच नव्हतं. पण संगणकाच्या रेक्टिफायरनंतर फॉल्ट झाला तर येणारा करंट तसाच अर्ध्या लहरीचा असतो, आणि ड्राइव्हमधून गळणारा सरळ डीसी तिचा गाभा आधीच भारून ठेवू शकतो. मग खरा एसी फॉल्ट आला तरी ती ढिम्म. अशा आरसीडीच्या भरवशावर लूप सोडून देणं मला मंजूर नव्हतं.

आता मूळ तक्रार, अधूनमधून उडणं. इथे रॅम्प चाचणी, म्हणजे टेस्टरचा करंट हळूहळू वाढवत आरसीडी कितीला उडते ते पाहणं, सगळं सांगून गेली. सगळी सर्किटं काढून आरसीसीबी २३ ला उडाली. सगळी जोडून, कामाच्या वेळी, टेस्टरचा करंट ११ झाला की उडाली. मधले बारा मिलिअँपियर कोणी आधीच वापरत होतं. गळती मोजणारा क्लॅम्प फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र लावला: १३. फिल्टरमधल्या कपॅसिटरांची रोजची, निर्दोष गळती. सर्किटवार वेगळी मोजली तर पंख्याच्या ड्राइव्हची ६, लांबच्या सॉकेट सर्किटची ५, उरलेल्या दोन्हींची मिळून २.

आयईसी ६०३६४-५-५३ सांगतं की आरसीडीच्या मागची रोजची गळती तिच्या रेटिंगच्या ३० टक्क्यांत असावी. ३० मिलिअँपियरला ९. आरसीडी रेटिंगच्या अर्ध्यापासून पूर्णपर्यंत कुठेही उडू शकते, म्हणजे १५ च्या पुढे तिला मुभा आहे. १३ वर बसलेल्या आरसीडीला एखादा नवा मॉनिटर किंवा ड्राइव्ह चालू होतानाचा धक्का पुरतो. ती बिघडली म्हणून उडत नव्हती. तिच्यावर चार सर्किटांचं ओझं होतं म्हणून उडत होती. ३० च्या जागी १०० ची बसवा, ही सूचना एकाने केली, तीही नेहमीची. सॉकेटांवर माणसाच्या शरीरासाठीचं अतिरिक्त संरक्षण ३० वरच मिळतं, १०० वर नाही. ती सूचना तिथेच सोडली.

शेवटी ठरलं ते असं. सामायिक आरसीसीबी काढायची आणि प्रत्येक सर्किटला स्वतःची आरसीबीओ, आरसीडी आणि एमसीबी एकाच साधनात, द्यायची, म्हणजे गळती वाटली जाईल आणि एक सर्किट उडालं तर बाकीची चालू राहतील. सॉकेटांना आणि लाइटला ए टाइप, ३० मिलिअँपियर. ए टाइप अर्ध्या लहरीचा करंट ओळखते आणि ६ मिलिअँपियरपर्यंत सरळ डीसी सोसते.

पंख्याच्या ड्राइव्हला एफ टाइप. सिंगल फेज ड्राइव्हच्या आउटपुट बाजूला फॉल्ट झाला तर करंटमध्ये अनेक फ्रिक्वेन्सी मिसळलेल्या असतात, त्यासाठीच एफ टाइप बनवलेली आहे. ती थोडी उशिरा प्रतिसाद देते म्हणून चालू होतानाच्या धक्क्याने विनाकारण उडत नाही. ड्राइव्ह थ्री फेज असता तर एफ पुरली नसती. सहा डायोडांच्या पुलामागच्या फॉल्टमध्ये जवळजवळ सरळ डीसी वाहतो आणि तिथे बी टाइपच लागते. (बी टाइप आरसीडी आणि बी कर्व्ह एमसीबी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दुकानात हा गोंधळ मी स्वतः एकदा घातला आहे.) तरी मी ड्राइव्हची पुस्तिका उघडून पाहिली, कारण काही सिंगल फेज ड्राइव्हनाही उत्पादक बी टाइप मागतो. यात तसं नव्हतं. पंख्याचं सर्किट १८ मीटरचंच होतं, लूप ०.६५, तिथे बी कर्व्ह १६ अँपियर आरामात बसली.

मुख्य बोर्डावर ३०० मिलिअँपियरची एस टाइप आधीपासून होती. एस टाइप मुद्दाम थांबते. तिच्या रेटिंगच्या करंटला ती १३० मिलिसेकंदांच्या आत उडत नाही आणि त्याच्या पाचपट करंटलाही किमान ५० मिलिसेकंद थांबते, तोवर खालची ४० मध्ये मोकळी झालेली असते. रेटिंगमधला फरक दहापट, तिपटीची गरज केव्हाच ओलांडलेली. तिला हात लावला नाही.

राहिलं लांबचं सर्किट. बी २० परत बसवली तर लूप पास, पण सकाळचा झटका परत येणार. सी २० ठेवून अर्थची तार २.५ केली तर? ६० मीटरला १४.८२ मिलिओहमने ०.८९, अधिक ०.३०, म्हणजे १.१९. तरीही बाहेर. झटका हा करंटचा प्रश्न होता आणि तो एका एमसीबीवर नऊ सॉकेटांचं सगळं एकदम चालू होण्यातून येत होता. म्हणून सर्किटच दोन केलं. पहिली पाच सॉकेट जुन्या केबलवर, ३४ मीटर. सहाव्यापासून पुढची चार सॉकेट डीबीतून नव्या केबलवर. सहाव्यापर्यंतचे ४० मीटर नवे, फेज ४ चौरस आणि अर्थ २.५, पुढचे २० मीटर जुनेच. हिशेब: ४० मीटरला १२.०२ मिलिओहमने ०.४८, २० मीटरला ०.३९, अधिक ०.३०. एकूण १.१७. दोन्ही सर्किटांना बी कर्व्ह २० अँपियर.

पुरवठा बंद असताना दोन्ही सर्किटांचं R1 + R2 मोजून घेतलं, मग चालू करून लूप. पहिल्याचा ०.९७, दुसऱ्याचा १.१९. नव्या आरसीबीओच्या मागचे हे नो-ट्रिप आकडे, त्यात शतांशाची भर असेल. मर्यादा १.५३. आरसीबीओ एकेक करून रॅम्पवर तपासल्या, आता अर्ध्या लहरीवरही. दोन्ही सॉकेट सर्किटं लोडशिवाय २४ आणि २२ ला उडाली, लोडसकट २१ आणि २० ला. पंख्याची, पंखा फिरत असताना, १७ ला. सकाळी नऊला सगळं एकदम चालू करून पाहिलं, दोन्ही बी कर्व्ह जागेवर राहिल्या.

डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवली. दुसऱ्या सर्किटसमोर लिहिलं: "लूप १.१९. एमसीबीचा भाग फक्त बी कर्व्ह. सी बसवल्यास मर्यादा १.१५, मोजलेल्या आकड्यासाठी ०.७७, सर्किट नापास." वायरमनने वाचलं आणि विचारलं, एवढं कशाला लिहायचं, आपल्याला माहीत आहे ना. मी त्याला ती जुनी सी एमसीबी दाखवली. ती बसवणाऱ्यालाही माहीत असणारच होतं, जर दारावर लिहिलेलं असतं.